कॅम्पेनच्या काळात वाढलेले ऑरगॅनिक इन्स्टॉल कोणाच्या खात्यावर?

खर्चवही: घरखर्चाच्या आमच्या अँड्रॉइड ॲपला रोज 400 इन्स्टॉल मिळत. गूगलवर कॅम्पेन सुरू केल्यापासून जाहिरातीचे 300 आणि ऑरगॅनिक 520 येतात, पण लिस्टिंग पाहून इन्स्टॉल करणाऱ्यांचे प्रमाण 30 टक्क्यांवरून 24 वर आले. वाढलेले सगळे 420 जाहिरातीचेच समजावेत का?

सरळमार्गी: समजावेत. जाहिरात पाहिलेला माणूस दोन दिवसांनी नाव आठवून ॲप शोधतो आणि ऑरगॅनिकमध्ये मोजला जातो. घसरलेले प्रमाण मात्र लिस्टिंगच्या चित्रांचा दोष आहे, ती बदला.

मोजपट्टी: आठवून शोधणारे असतात, हे मान्य; चित्रांचा निष्कर्ष मला पटत नाही. जाहिरातीमुळे अनोळखी लोक लिस्टिंगवर येतात, त्यामुळे सरासरी घसरतेच. फक्त प्ले स्टोअरच्या शोधातून आलेल्यांचे प्रमाण पाहा; ते टिकून असेल तर चित्रांना हात लावू नका. मूळ प्रश्नासाठी, पूर्वी सारखेच इन्स्टॉल देणारे राज्यांचे दोन गट करा, एका गटात दोन आठवडे कॅम्पेन बंद ठेवा आणि `first_open` राज्यवार मोजा. ऑरगॅनिकचा आकडा वेगळा पाहू नका, एकूण पाहा.

सफरचंद: आयफोनवर आमचे ऑरगॅनिक दुप्पट झाले, तेही जाहिरातीशिवाय! फक्त ॲपलच्या शोधात आमच्या नावावर बोली लावली होती.

मोजपट्टी: तीच जाहिरात आहे. ॲपलच्या अहवालात त्या जाहिरातींचे इन्स्टॉल 'App Store Search' या स्रोतातच धरले जातात.

खर्चवही: चाचणी झाली. दोन्ही गटांत पूर्वी रोज 200 इन्स्टॉल होत. कॅम्पेन चालू असलेल्या गटात 410 झाले, त्यांत जाहिरातीचे 150. बंद गटातही 290 झाले.

मोजपट्टी: म्हणजे जाहिरातीने खरोखर दिलेले 120 च. उरलेली 90 ची वाढ बंद गटातही आहे, बहुधा महिन्याच्या सुरुवातीमुळे. जाहिरातीच्या नावावरचे निदान 30 जण एरवीही आले असते; तुमचेच नाव शोधणाऱ्यांना जाहिरात आधी दिसते, तिथे हे घडते. इन्स्टॉलमागे 18 रुपये खर्च दिसत असेल, तर खरा खर्च साडेबावीस आहे.

सरळमार्गी: हा हिशेब जाहिरातीवर अन्याय करणारा आहे. प्ले स्टोअरच्या यादीतले स्थान देशभर एकच असते, त्यामुळे चालू राज्यांतील इन्स्टॉलमुळे ॲप वर चढले, तर त्याचा लाभ बंद राज्यांनाही मिळतो. त्या 90 मध्ये जाहिरातीचा वाटा नाही, हे कशावरून?

मोजपट्टी: ही हरकत योग्य आहे, आणि या चाचणीतून तिचे उत्तर मिळत नाही. शिवाय मोबाइल नेटवर्कवर राज्याची नोंद कधी कधी चुकते, त्यामुळेही दोन गटांतील फरक कमी दिसतो. 120 हा किमान आकडा धरावा, एवढेच मी म्हणेन. देशभर कॅम्पेन थांबवून ॲपचे स्थान आणि एकूण इन्स्टॉल किती दिवसांत खाली येतात ते पाहिले, तर थोडे अधिक कळेल. मात्र तेव्हा तुलनेला दुसरा गट उरणार नाही.

खर्चवही: सण संपल्यावर दोन आठवडे सगळे थांबवून पाहतो. तोपर्यंत नावावरची बोली तेवढी काढून टाकावी म्हणतो, पण या प्रकारच्या कॅम्पेनमध्ये शोधशब्द निवडताच येत नाहीत. कोणी मार्ग काढला आहे का?