‘तहकूब’ म्हणजे ‘रद्द’ का? (सोसायटीच्या सभेआधीचं भाषण)

वेणातीर
तालुक्याच्या गावातली २७ प्लॉटधारकांची गृहनिर्माण संस्था आहे. वार्षिक सभेआधी सचिवांनी पाच मिनिटं बोलायचं आहे: समितीवर कायद्यानं काय बंधन आहे आणि सभासदाच्या मताचा हक्क काय. मसुदा मराठीत लिहून द्यायचं काम माझ्याकडे आहे. अडलंय एका वाक्यावर:

“अर्ध्या तासात गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब होईल व ११ वाजता पुन्हा भरेल.”

गेल्या वर्षी हेच वाक्य वाचून दाखवलं. १० च्या सभेला ११ जण होते. साडेदहाला अध्यक्ष “सभा तहकूब” म्हणाले तसे चौघं गाड्या काढून घरी गेले. ११ वाजता उरलेल्या सात जणांनी देखभाल वर्गणी वाढवली. गेलेले म्हणतात, “सभा तर रद्द झाली होती, ठराव कसा?” ‘तहकूब’ला साधा, चुकीचा अर्थ न निघणारा शब्द कोणता?

पळसफूल
‘स्थगित’ लिहा. तहकूब फारसी-अरबी आहे, हुकमावरून आलेला. हुकूम देऊन बंद करणं, म्हणून तर लोक रद्द समजतात. आपली संस्कृत परंपरा असताना कचेरीतले शब्द कशाला वागवायचे?

जुनी मोडी
हुकमाशी संबंध नाही. तो अरबी ‘तवक्कुफ’, थांबणं. म्हणजे मुळातच ‘थांबवलेलं, पुढे चालणारं’. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात कामकाज १५ मिनिटांसाठी तहकूब होतं, तेव्हा एकही आमदार अधिवेशन संपलं असं समजत नाही. आणि ‘स्थगित’ जास्त धोक्याचा. कोर्टानं स्थगिती दिली म्हटलं की माणूस वर्षानुवर्षांचा हिशोब धरतो.

धानोरीकर
भाऊ, तहकूब शब्द आमच्याकडे पोट्ट्यालेही समजते. ग्रामसभेचा कोरम १५ टक्के नाहीतर १०० मतदार, यातलं जे कमी असन ते. तेवढे नाही आले तर तहकूब, अन् मंग दुसऱ्या तारखेले तहकूब ग्रामसभा. तिथं कोरम लागत नाही. तुमच्या सोसायटीचंही तसंच असन. पीक कर्जाचा विषय त्यातच घेता का?

वेणातीर
दादा, ही सेवा सोसायटी नाही, प्लॉटवाल्यांची गृहनिर्माण संस्था आहे. पीक कर्ज नाही इथं. पण तुम्ही नेमकं कारण सांगितलंत. ज्यांनी तहकूब म्हणजे ‘दुसरी तारीख’ हेच ग्रामसभेत ऐकलं, ते साडेदहाला घरीच जाणार. शब्द कळला नाही असं नाही, दुसऱ्या सभेचा अर्थ घेऊन गेले.

सातपुडा
तुमच्या त्या ११ वाजताच्या सभेचा ठरावच टिकत नाही माझ्या मते. तहकूब सभा किमान सात दिवसांनी घ्यावी लागते. त्याच दिवशी तासाभरानं घेणं नियमात बसत नाही.

टाचणवही
सात दिवसांचा भाग बरोबर आहे, पण तो अर्धाच नियम आहे. आदर्श उपविधींत दोन वाटा आहेत. नोटिशीतच लिहिलं असेल तर त्याच दिवशी पुढच्या वेळेला. नाहीतर ७ दिवसांच्या आत नाही आणि ३० दिवसांच्या पुढे नाही अशी दुसरी तारीख. दोन्ही वेळा तहकूब सभेला कोरमची अट राहत नाही.

म्हणून आधी मूळ नोटीस काढून बघा. ‘११ वाजता त्याच जागी’ हे त्यात छापलं होतं का? छापलं असेल तर सात जणांचा ठराव कोरमअभावी पडत नाही. अध्यक्षांनी आयत्या वेळी तोंडी ११ सांगितले असतील, तर गेलेल्या चौघांची हरकत खरी आहे. शिवाय वर्गणीवाढ मूळ विषयपत्रिकेत होती का तेही पाहा. तहकूब सभा ही तीच सभा पुढे चालू, नवा विषय तिच्यात घुसवता येत नाही.

आणि ‘रद्द’ हा शब्द वेगळा राखून ठेवायलाच हवा. सभासदांच्या मागणीवरून बोलावलेल्या सभेत अर्ध्या तासात कोरम झाला नाही, तर ती तहकूब होत नाही, खरोखरच रद्द होते. एकच प्रसंग, दोन परिणाम. भाषणात शब्द सैल वापरला तर पुढच्या वेळी उलटा घोटाळा होईल.

सातपुडा
नोटिशीत वेळ लिहिल्यास चालतं हे मान्य. पण सात जणांनी २७ जणांच्या खिशाला हात घालायचा, हे मनाला पटत नाही.

टाचणवही
न पटण्यासारखंच आहे, म्हणून तर हे भाषणात ठळक सांगायचं. कोरम किती हेही आकड्यानं सांगा. एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यातला कमी आकडा. २७ चे दोन तृतीयांश १८, म्हणजे तुमचा कोरम १८. ‘गणपूर्ती’ म्हणण्यापेक्षा “१८ जण आले तरच १० ला सभा सुरू होते” म्हणा.

पळसफूल
मग भाषेचं काय उरलं? उद्या ‘कोरम’, परवा ‘अजेंडा’. गणपूर्ती किती सुंदर शब्द आहे.

जुनी मोडी
सुंदर आहे, इतिवृत्तात लिहा. ऐकणाऱ्याला उठून जायचं की बसायचं ते कळलं पाहिजे.

वेणातीर
मसुदा बदलला. बघा:

“मंडळी, आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपलं. तेव्हापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत, ही सभा घेणं आणि तपासलेला हिशोब तुमच्यासमोर ठेवणं समितीवर बंधनकारक आहे, ती मेहेरबानी नाही. सभेची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी तुमच्या हाती पडली पाहिजे. मत प्रत्येक सभासदाला एकच, प्लॉट दोन असले तरी. ते स्वतः येऊन द्यायचं, भावाला किंवा शेजाऱ्याला पाठवून नाही. मतं समान पडली तर अध्यक्षांचं एक जादा मत. १८ जण आले नाहीत तर साडेदहाला सभा थांबेल, संपणार नाही. ११ वाजता ती इथंच पुढे चालेल आणि जितके असतील तितक्यांचा निर्णय सगळ्यांना लागू होईल.”

टाचणवही
‘थांबेल, संपणार नाही’ उत्तम. ‘१४ पूर्ण दिवस’ मात्र सोडवून सांगा, समितीचीच गल्लत तिथं होते. नोटीस दिल्याचा आणि सभेचा दिवस धरायचा नाही. सभा २८ सप्टेंबरला असेल तर मधले १४ दिवस १४ ते २७, म्हणजे नोटीस १३ तारखेपर्यंत पोचलीच पाहिजे. १४ ला वाटली की एक दिवस कमी पडला.

धानोरीकर
‘पूर्ण दिवस’ म्हणजे आमचा माणूस २४ तास धरन. ‘मधले १४ दिवस कोरे’ म्हना.

पळसफूल
‘कोरे दिवस’! हा मात्र शब्द मनापासून आवडला. पण “जादा मत” चूक आहे, ‘निर्णायक मत’ असं हवं.

जुनी मोडी
निर्णायक तर प्रत्येकच मत असतं, विशेषतः नऊ विरुद्ध आठ असताना. ‘जादा’ म्हटलं की अध्यक्षांना नेहमीच दोन मतं असा अर्थ निघतो, तोही चूक. ‘तोडीचं मत’ कसं वाटतं?

सातपुडा
वऱ्हाडात तोडीचं म्हणजे बरोबरीचं. पुन्हा घोटाळा.

वेणातीर
नोटीस सापडली. ‘कोरमअभावी तहकूब सभा त्याच दिवशी होईल’ एवढंच छापलंय. वेळ नाही.

सातपुडा
मग ठराव गेला.

टाचणवही
इतक्या लवकर म्हणू नका. ‘त्याच दिवशी’ आहे, तास नाही. मूळ इतिवृत्तात साडेदहाला ११ ची वेळ जाहीर केल्याची नोंद आणि ११ वाजताच्या सात सह्या आहेत का, ते आधी बघा. नसतील तर यंदा हाच विषय पुन्हा घेऊन ठराव नव्यानं करणं सोपं पडेल. आणि नोटिशीत या वेळी तासही छापा.