Q/Z: प्रत्येक घटकाची ऑर्डर सान्त, तरी गट विभाज्य? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. Q/Z मध्ये a/b ला b ने गुणलं की पूर्णांक उरतो, म्हणजे शून्यच. त्यामुळे प्रत्येक घटकाची ऑर्डर सान्त, हे लगेच पटलं. विभाज्यताही हिशेबाने जमते: 6x = 1/4 साठी x = 1/24 चालतो, आणि त्यात 1/6 मिळवत गेलं की 5/24, 9/24 अशी एकूण सहा उत्तरं निघतात.

सान्त गटात मात्र घटकसंख्येने गुणलं की सगळंच शून्य होतं, म्हणून तिथे विभाज्यता टिकत नाही (क्षुल्लक गट सोडा). इथे 1/4 ला 4 ने भागलं की 1/16, मग 1/64. ऑर्डर वाढतच जाते आणि सगळ्यांना शून्य करणारा एकच n सापडत नाही. दोन्ही गुणधर्म एकत्र नांदतात ते यामुळेच ना?

खरं अडलंय ते पुढे. फक्त 2 च्या घातांचे छेद असलेले घटक घेतले, तर 3x = 1/4 चं 1/12 हे उत्तर उपगटाबाहेर जातं. पण 3/4 चालतो, कारण 9/4 आणि 1/4 मधला फरक 2 आहे. कुठल्याही विषम n साठी असं आतलं उत्तर मिळतंच, हे कसं सिद्ध करायचं? नुसता इशारा दिलात तरी चालेल.