सल्ला हवा: सगळे हप्ते वेळेवर, तरी सिबिल ७१२. गृहकर्ज आत्ता घेऊ की थांबू?

गोदाकाठचा
नाशकात पाथर्डी फाट्याजवळ टू बीएचके बघितलाय. कर्ज ४० लाख, २० वर्षं. बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, तुमच्या स्कोअरला ९ टक्के, साडेसातशेच्या वर असता तर ८.५ दिलं असतं. मी आजवर एकही हप्ता किंवा कार्डाचं बिल चुकवलेलं नाही. मग हे ७१२ आलं कुठून? टोकन देऊन झालंय आणि बिल्डर महिनाभरात करारनामा करा म्हणतोय.

झणझणीत_मिसळ
सारखा स्कोअर बघत असशील अ‍ॅपवर! बघितला की उतरतो. आणि क्रेडिट कार्ड बंद करून टाक, कर्ज नसलं की स्कोअर आपोआप वर.

कोपरगावकर
स्कोअर वगैरे काही नसतं हो, सातबारा स्वच्छ पाहिजे. आमच्या सोसायटीने कधी विचारला नाही.

जुना_कर्जविभागवाला
कोपरगावकर, पीककर्जाची गोष्ट वेगळी, इथे फ्लॅट चाललाय. मिसळराव, आपला स्कोअर आपण कितीदाही बघावा, काही होत नाही. कर्जाचा अर्ज केल्यावर बँक बघते ती चौकशी नोंदली जाते, ती वेगळी. आणि कार्ड बंद केलं तर जुना चांगला इतिहास हळूहळू मागे पडतो, शिवाय एकूण लिमिटही घटतं. म्हणजे उलटंच.

गोदाकाठचा, नुसत्या आकड्यावरून काही सांगता येणार नाही. सिबिलच्या साइटवरून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो काढा. कार्डाच्या खात्यात 'करंट बॅलन्स' आणि लिमिट किती ते बघा, आणि शेवटच्या पानावरच्या चौकश्या मोजा.

गोदाकाठचा
काढला. लिमिट ६०,०००, बाकी ५२,३४०. पण हे पैसे मी दर महिन्याला ५ तारखेला पूर्ण भरतो हो! किराणा, पेट्रोल, ऑफिसचे दौरे सगळं कार्डावरच, म्हणून आकडा मोठा. चौकश्या चार, सगळ्या गेल्याच महिन्यातल्या. एका 'कर्ज तुलना' अ‍ॅपवर माहिती भरली होती, बहुतेक त्याने चार ठिकाणी पाठवली.

जुना_कर्जविभागवाला
सापडलं की. बिल तुम्ही ५ ला भरता, पण ते निघतं कधी? समजा १८ ला. बहुतेक बँका त्या सुमाराची बाकी सिबिलला कळवतात. म्हणजे तुम्ही पै न् पै फेडत असलात तरी रिपोर्टात दर महिन्याला लिमिटच्या ८७ टक्के वापरणारा माणूस दिसतो. असा माणूस पैशाच्या ओढाताणीत असेल, असं गणित धरतं. त्यात एकाच महिन्यात चार अर्ज.

उपाय साधा आहे. १८ च्या दोन-तीन दिवस आधीच ४० हजार भरून टाका, बिल १२-१३ हजारांचं निघेल. २०२५ पासून बँकांना निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, त्यामुळे हा फरक एक-दोन महिन्यांत दिसायला हवा. चौकश्यांचं काही करता येत नाही, त्या जुन्या व्हाव्या लागतात. नवा अर्ज मात्र आता कुठेही नको.

किती फरक पडतो ते बघा. ९ टक्क्यांनी हप्ता साधारण ३५,९९० आणि साडेआठने ३४,७१०. महिन्याला पावणेतेराशे, २० वर्षांत तीन लाखांच्या पुढे.

पैठणीवाली_मावशी
आमच्या ह्यांनी मित्राच्या ट्रॅक्टरला जामीन राहून सही केली होती. मित्राने हप्ते थकवले, आणि मागच्या वर्षी आम्ही कार घ्यायला गेलो तर ते कर्ज ह्यांच्या रिपोर्टात, महिन्यांच्या चौकटीत ०३०, ०६०, ०९० असं दिवस मोजत बसलेलं. ८ लाखांवर ९ ऐवजी साडेदहा टक्के लागले. पाच वर्षांत ३५ हजार जास्त जाणार. आता स्कोअर सुधारला तर दर उतरेल का हो?

जुना_कर्जविभागवाला
मावशी, कारचा दर बहुधा ठरलेला असतो, सही केली त्या दिवशीचा. मुदतीआधी फेडायचं तर दंड किती ते करारात बघा, कधी कधी दंडच वाचलेलं व्याज खातो.

गृहकर्जाचं तसं नाही. बँकेचा फ्लोटिंग दर रेपोला जोडलेला असतो, त्यावर बँक आपला वाढावा लावते, आणि स्कोअरचा हिशोब त्या वाढाव्यात बसतो. स्कोअर सुधारल्यावर लेखी अर्ज करता येतो. बँक ऐकेलच असं नाही. नाहीच ऐकलं तर कर्ज दुसऱ्या बँकेत हलवता येतं. फ्लोटिंगला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही, पण प्रक्रिया शुल्क आणि कागदपत्रांचा खर्च पुन्हा पडतो.

झणझणीत_मिसळ
म्हणजे आत्ता ९ ने घे, वर्षाने हलव. फ्लॅट गेला तर तीन लाख वाचवून काय करणार?

जुना_कर्जविभागवाला
मी तरी आधी बिल्डरकडे दीड महिना मागेन. हलवणं बोलायला सोपं, सहा महिने चकरा माराव्या लागतात.

गोदाकाठचा
बिल्डर पंधरा दिवस द्यायला तयार झालाय, त्याच्या पुढे नाही. आज १४ तारीख. कार्डावर ४०,००० भरले आत्ताच. महिनाअखेरीला पुन्हा रिपोर्ट बघून इथेच लिहितो.