लॉसनचा निकष: हजार सेकंद टिकलेला प्लाझ्मा प्रज्वलनाच्या किती जवळ?

मूळ प्रश्न (जिज्ञासू): जानेवारी २०२५ मध्ये चीनच्या ‘ईस्ट’ या टोकामॅकने, म्हणजे चुंबकांनी प्लाझ्मा हा तप्त विद्युतभारित वायू कोंडून ठेवणाऱ्या यंत्राने, दहा कोटी अंशांचा प्लाझ्मा १०६६ सेकंद टिकवला. प्रज्वलन, म्हणजे हलकी अणुकेंद्रके जुळून होणाऱ्या संलयनाच्या ऊर्जेवरच प्लाझ्मा तापता राहणे, यासाठी लॉसनच्या निकषात तापमान, काळ आणि घनता अशा तीन अटी आहेत. त्यांपैकी तापमान आणि काळ या दोन पूर्ण झाल्या. उरली घनता, आणि ती तर जास्त वायू सोडून वाढवता येईल. माझ्या मते आता प्रश्न फक्त पैशांचा आहे. आपणांस काय वाटते?

टोकामॅक-अभ्यासक: मी असहमत आहे, कारण निकषातला काळ हा प्लाझ्मा किती वेळ पेटता राहिला याचा काळ नव्हेच. प्लाझ्मात साठलेली उष्णता, तिची जेवढ्या वेगाने गळती होते त्या वेगाने भागली, की जो काळ मिळतो तो ऊर्जेचा धारणकाळ. समजा, प्लाझ्मात १० मेगाज्यूल ऊर्जा आहे आणि ती कायम राखण्यासाठी सतत २० मेगावॅट ओतावे लागतात. मग तो प्लाझ्मा तासभर चालवला तरी धारणकाळ अर्धा सेकंदच राहतो. ड्यूटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड प्रकारांच्या इंधनासाठी, n ही घनता, T हे तापमान आणि τ हा धारणकाळ धरून, अट साधारण अशी आहे:

`n·T·τ ≥ 3×10²¹ keV·s/m³`

घनमीटरला १०²⁰ आयन, म्हणजे हवेतील रेणूंच्या सुमारे अडीच लाखाव्या हिश्श्याइतकी घनता, आणि १४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे सुमारे सोळा कोटी अंश तापमान धरले, तर धारणकाळ दोन सेकंदांहून थोडा अधिक हवा. हजार सेकंदांचा विक्रम चुंबक आणि भिंती यांच्यासाठी मोलाचा आहे, पण त्या यंत्राचा धारणकाळ सेकंदाच्या अपूर्णांकातच मोजला जातो.

भट्टीवाला: माझे काम चाकणजवळ हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर आहे आणि हा मुद्दा मला लगेच पटला. गेल्या वर्षी आमच्या भट्टीच्या आतल्या विटांना तडे गेले, तरी काट्यावर तापमान पूर्वीइतकेच दिसत होते. फरक कळला तो विजेच्या बिलावरून आणि वीज गेल्यावर भट्टी किती झपाट्याने थंड होते यावरून. अस्तर सुधारेपर्यंत आम्ही जादा हीटर लावून काम चालवले. प्लाझ्मातही तसेच का करू नये?

टोकामॅक-अभ्यासक: तुमचे निदान अचूक आहे, पण उपाय येथे लागू पडत नाही. प्लाझ्मात उष्णता वाढवली की खळबळ वाढते आणि त्या खळबळीतूनच ऊर्जा बाहेर झिरपते. अनेक यंत्रांच्या नोंदींवरून बसवलेल्या नेहमीच्या सूत्रानुसार धारणकाळ तापनशक्तीच्या उणे ०.६९ घातांकाने बदलतो. म्हणजे शक्ती दुप्पट केली की धारणकाळ सुमारे ६२ टक्क्यांवर येतो आणि साठलेली ऊर्जा जेमतेम २४ टक्क्यांनी वाढते. तुमच्या भट्टीचे अस्तर हीटर वाढवले म्हणून आणखी तडकत नाही. येथे मात्र तसेच घडते.

भौतिकशास्त्र-शिक्षिका: तरीही घनतेबद्दल जिज्ञासू यांचे म्हणणे मला योग्य वाटते. संलयनाची शक्ती घनतेच्या वर्गाप्रमाणे वाढते, तेव्हा सर्वाधिक लाभ तेथेच आहे.

टोकामॅक-अभ्यासक: वर्गाचा नियम खरा आहे. मात्र टोकामॅकमध्ये घनतेला ग्रीनवाल्ड मर्यादा आड येते: मेगाअँपिअरमधील प्रवाहाला पाय गुणिले प्लाझ्माच्या छेदाच्या त्रिज्येचा वर्ग याने भागावे. फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या आयटर या मोठ्या टोकामॅकसाठी १५ मेगाअँपिअर आणि २ मीटर घेतले, की घनमीटरला सुमारे १.२×१०²⁰ येते. त्यापलीकडे वायू सोडत गेल्यास कडेचा प्लाझ्मा उत्सर्जनाने थंड होतो, प्रवाहाचा मार्ग आकसतो आणि बऱ्याचदा क्षणार्धात सारा प्लाझ्मा कोसळतो. तापमान वाढवूनही यातून वाट निघत नाही, कारण चुंबक पेलू शकणारा एकूण दाब ठरलेला असतो. त्याच दाबात तापमान वाढले की घनता घटते, आणि ठरावीक दाबाला सर्वाधिक शक्ती सुमारे चौदा किलोइलेक्ट्रॉनव्होल्टलाच मिळते.

लेझर-पक्षपाती: ही सारी बंधने टोकामॅकची आहेत, निकषाची नव्हेत. अमेरिकेच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत लेझरने इंधनाची गोळी दाबतात; तेथे घनता टोकामॅकच्या अब्जावधी पट असते आणि धारणकाळ सेकंदाच्या अब्जांशाचा जेमतेम दहावा भाग. तेथे ५ डिसेंबर २०२२ रोजी २.०५ मेगाज्यूल लेझरमधून ३.१५ मेगाज्यूल ऊर्जा मिळाली. प्रज्वलन झाले आहे, हे आता मान्य करायला हवे.

टोकामॅक-अभ्यासक: प्लाझ्मापुरते मान्य आहे. पण त्या लेझरांसाठी सुमारे ३०० मेगाज्यूल वीज खर्च झाली, आणि लॉसन यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात तर उष्णतेपासून वीज करून ती यंत्राला परत पुरवण्याचाच हिशेब मांडला होता. त्या अर्थाने निकष अजून दूर आहे.

लेझर-पक्षपाती: तो वीजकेंद्राचा हिशेब झाला, प्रज्वलनाचा नव्हे. या दोन गोष्टी आपण एकत्र करत आहात.

जिज्ञासू: काळाबाबत माझी चूक झाली, हे मान्य. मग यंत्र मोठे करणे एवढाच मार्ग उरतो का?

टोकामॅक-अभ्यासक: आयटरचा भर त्यावरच आहे. ५० मेगावॅट बाहेरून देऊन ५०० मिळवायचे, त्यांपैकी १०० संलयनातून निघणाऱ्या अल्फा कणांकडून प्लाझ्मातच राहावेत, आणि धारणकाळ साडेतीन सेकंदांच्या पुढे जावा, असे गणित आहे.

भौतिकशास्त्र-शिक्षिका: पण ते उणे ०.६९ चे सूत्र लहान यंत्रांच्या नोंदींवरून आले आहे, जेथे बहुतेक उष्णता बाहेरूनच दिली जात होती. दोन तृतीयांश उष्णता अल्फा कणांकडून मिळणारा प्लाझ्मा तेच सूत्र पाळेल, असे आपण कशावरून म्हणता?

टोकामॅक-अभ्यासक: चुंबकीय यंत्रात तसा प्लाझ्मा अद्याप कोणी चालवलेला नाही. म्हणून तसे मी छातीठोकपणे म्हणणार नाही.