आधी कट की आधी कलर? केसांच्या टोकांना जुना काळा रंग आहे

रानजाई
माझे केस कमरेच्या थोडे वर येतात, सरळच आहेत, जरा दाट. दोन वर्षांपूर्वी घरी पाकिटातला काळा रंग पूर्ण लांबीला लावला होता, नंतर काहीच केलं नाही. आता कॉलरबोनपर्यंत कापायचे आहेत आणि तपकिरी ग्लोबल कलर करायचा आहे. एका पार्लरमध्ये म्हणाले आधी कलर करू, मग कट, म्हणजे फिनिशिंग छान येतं. दुसरीकडे नेमकं उलटं सांगितलं. तीन आठवड्यांनी घरात लग्न आहे, त्यामुळे प्रयोग करायला वाव नाही. ज्यांनी दोन्ही करून पाहिलंय त्यांनी सांगा.

मोगरा
आधी कलर. कलरने टोकं कोरडी पडतात, ती नंतर कापली की केस ताजे दिसतात. मी नेहमी असंच करते आणि छान होतं.

विसूभाऊ
मी पुरुष आहे, पण प्रश्न जवळचा वाटला म्हणून लिहितो. मी कटिंगच्या आधी घरी डाय लावतो. दहा-बारा दिवसांत कानांजवळ परत पांढरं दिसतं. कंपनी बदलून पाहिली, फरक नाही. हा रंगाचा दोष की पाण्याचा?

कात्री_कंगवा
रानजाई, मी अठरा वर्षं हेच काम करतेय. तुमच्या बाबतीत आधी कट, यात मला शंका नाही. कारण जरा सविस्तर सांगते, म्हणजे पार्लरमध्ये तुम्हाला बोलता येईल.

केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे दोन वर्षांत मुळापासून अठ्ठावीस-तीस सेंटिमीटर तुमचा नैसर्गिक केस आलाय. त्याखाली काळा रंग बसलेला आहे. रंगावर रंग चढवून केस उजळत नाही. त्यामुळे तपकिरी शेड वरच्या भागावर दिसेल आणि खालचा भाग काळाच राहील.

आता आरशासमोर बसा आणि टाळूवरची एक बट मधून कॉलरबोनपर्यंत टेपने मोजा. अडतीस-चाळीस सेंटिमीटर भरेल. मानेवरची बट त्याच रेषेपर्यंत मोजा, ती पंधरासुद्धा भरणार नाही. केस एका रेषेत कापले तरी टाळूवरच्या बटेचं टोक सगळ्यात जुनं असतं, आणि तीच बट सगळ्यांच्या वर, लोकांच्या नजरेसमोर पडते. म्हणजे सरळ रेषेच्या कटमध्ये मानेवरचे केस पूर्ण स्वच्छ, आणि वरच्या थराला मात्र खाली आठ-दहा सेंटिमीटर काळी पट्टी. लेअर्स केले तर टाळूवरचे केस सव्वीस-सत्तावीसवर येतात आणि तो काळा भाग कापलाच जातो. म्हणून कट ठरल्याशिवाय शेड ठरवता येत नाही.

रानजाई
ताई, मोजलं. टाळूवरून एकोणचाळीस आलं, मानेवरून तेरा. हे कुणीच सांगितलं नव्हतं. पण मला लेअर्स नको होते, सरळ एका रेषेत हवे होते. मग?

कात्री_कंगवा
मग दोन रस्ते. एकतर हनुवटीपर्यंत या, म्हणजे टाळूवरून तीस-बत्तीस राहतं आणि जेमतेम टोकांनाच काळं उरतं. नाहीतर काळ्या भागाला ब्लीच किंवा कलर रिमूव्हर लागेल. लग्नाला तीन आठवडे असताना जुन्या काळ्यावर ब्लीच करायला मी तयार होणार नाही. तो आधी केशरी येतो, सगळीकडे सारखा उतरतही नाही, मग सावरायला दुसऱ्यांदा बसावं लागतं.

सरळ रेषेबद्दल आणखी एक. खिडकीजवळ उभ्या राहा आणि एक बट बोटांवर पसरून उन्हात धरा. कडेचे केस तांबूस दिसतील. तीच बट मुठीत गोळा करा, काळी दिसेल. एका रेषेत कापलेल्या केसांची सगळी टोकं खाली एकत्र येतात, मुठीत धरल्यासारखी. तिथे तीच ट्यूब एक शेड गडद वाटते. लेअर्समध्ये टोकं वेगवेगळ्या उंचीवर सुटतात, प्रत्येकावर उजेड पडतो, म्हणून रंग हलका आणि हलता दिसतो. ब्लंट कट हवाच असेल तर मनातल्या शेडपेक्षा एक पायरी उजळ निवडा.

मोगरा म्हणतात त्यात अर्धं खरं आहे. कलरनंतर कात्री लागतेच, पण ती शेवटची बारीक सफाई. मोठी लांबी आधी काढायची. तुमची बरीच लांबी जाणार आहे, त्यावर रंग ओतून कचऱ्यात कशाला टाकायचा?

मोगरा
पण बलायाज असेल तर? मी गेल्या वर्षी आधी बलायाज केलं, मग महिन्याभराने स्टेप कट. फिकट भाग जवळजवळ संपूनच गेला. मला वाटलं रंग उतरला.

कात्री_कंगवा
उतरला नाही, कापला गेला. बलायाजमध्ये उजळपणा लांबीच्या मधल्या भागापासून खाली सुरू करतात. समजा तो तीस सेंटिमीटरवर सुरू झाला होता आणि वरचा थर पंचवीसवर कापला, तर त्या थरात काहीच उरत नाही. जे दिसत होतं ते खालच्या थरातलं असणार. हायलाइट्स, बलायाज, चेहऱ्याजवळच्या बटा, हे सगळं कट झाल्यावरच.

विसूभाऊ, दोष रंगाचाही नाही आणि पाण्याचाही नाही. बाजूचे केस मशीनने सहा मिलिमीटरवर येत असतील तर दोन आठवड्यांत त्याच्या जवळपास तेवढाच नवा पांढरा केस उगवतो. डाय लावून लगेच कापता तेव्हा रंगवलेलं टोक जातं आणि मुळाजवळचं थोडंच उरतं. आधी कापा, मग डाय लावा. कानांजवळ दोन आठवड्यांनी दिसेलच, तिथे फक्त टच-अप करा.

कुरळी_वेणी
कुरळ्यांसाठीही हेच का? माझे केस ओले केले की खांद्यापर्यंत, वाळले की हनुवटीपर्यंत. आणि कुठलीही शेड लावा, माझ्यावर काळपटच दिसते.

कात्री_कंगवा
क्रम तोच, पण कुरळे केस मी कोरडेच कापते. ओल्यात कापले तर वर किती आखडतील याचा अंदाज चुकतो. काळपट दिसतं कारण सरळ केसावरून उजेड एकाच दिशेने परत येतो, कुरळ्यावर तो विखुरतो. सगळ्या डोक्याला एकच रंग लावण्यापेक्षा वळणाच्या बाहेरच्या बाजूला थोडी उजळ बट ठेवली की वळण उठून दिसतं.

नदीकाठ
आमच्याकडे उलट शिकवतात. केस आधी धुऊन, ओले करून कापायचे, वाळवायचे, मग रंग. कोरड्यात रेषा नीट येत नाही.

कात्री_कंगवा
रेषेबद्दल तुमचं बरोबर. पण शाम्पूने टाळूवरचं तेल निघून जातं आणि रंग लावताना आग होते, असं माझ्याकडे बऱ्याच जणी सांगतात. म्हणून मी आधी कोरड्यात ढोबळ लांबी काढते, मग रंग, मग धुऊन, वाळवून शेवटची रेषा. तुमच्या पद्धतीनेही चांगले कट झालेले मी पाहिलेत.

रानजाई, काहीही ठरवा, कानामागे किंवा कोपराच्या आत रंगाचा थेंब लावून अठ्ठेचाळीस तास थांबा. दोन वर्षांपूर्वी काही झालं नव्हतं म्हणून यावेळीही होणार नाही असं नसतं.

रानजाई
काल करून आले. शेवटी लांब लेअर्सच केले, टाळूवरून अठ्ठावीस ठेवले. कोरड्यात कट, मग तपकिरी, धुऊन परत थोडं कापलं. पुढून मस्त दिसतंय, उन्हात तर फारच. पण डावीकडे भांगाजवळ दोन बटांच्या टोकाला बोटभर काळं राहिलंय, उजवीकडे नाही. दोन्ही बाजू सारख्याच कापल्यात, मी मोजलं.

कात्री_कंगवा
भांग कायम उजवीकडे पाडता का? मग डावीकडे पडणाऱ्या बटा डोक्यावरून ओलांडून जातात, त्यांना त्याच रेषेपर्यंत जास्त लांबी लागते. किंवा तेव्हा घरी लावताना त्या बाजूला रंग दोनदा लागला असेल. फोटो उजेडात काढून टाका, मग सांगते त्या दोन बटा कापायच्या की तशाच ठेवायच्या.