चालकाच्या अर्जात परवाना आणि चलान

«इंदुरात देवास नाक्यावरच्या मालवाहतूक कंपनीत चालक म्हणून अर्ज करायचा आहे, काय लिहू?»

दादा, ‘मी प्रामाणिक आहे’ असे न लिहिता, कंपनीला पडताळता येईल तेवढेच लिहावे:

“महोदय, माझा मालवाहू वाहनाचा परवाना मार्च 2029 पर्यंत वैध असून, सहा वर्षे इंदूर–उज्जैन मार्गावर छोटा हत्ती चालवताना माझ्या हातून एकही अपघात झालेला नाही. 2023 मध्ये चुकीच्या जागी गाडी उभी केल्याचे एक चलान झाले, ते मी भरले आहे. रोज गाडी काढण्यापूर्वी टायरची हवा, ब्रेक आणि मालाचे दोर मी स्वतः तपासतो. आपला विश्वासू,”

चलान मुळीच लपवू नका, कारण परवाना क्रमांक टाकताच ते ई-चलानच्या संकेतस्थळावर दिसू शकते. परवान्याची अंतिम तारीखही अवश्य द्या. मालवाहू परवान्याचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते.