पेतेशबातूनचा पुरावा आणि दुष्काळाचा सिद्धान्त

> "मध्य अमेरिकेतील प्राचीन माया संस्कृतीची नगरे दुष्काळामुळे ओस पडली हे आता सिद्ध झाले आहे ना?"

दुष्काळ पडले, याबद्दल शंका नाही. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पातील चिचानकानाब सरोवराच्या गाळात इ.स. ८०० ते १००० या काळातले जिप्समचे थर सापडले असून, पाणी आटल्यावरच जिप्सम असे साचते. मात्र ग्वातेमालातील पेतेशबातून भागाचा कालक्रम या एकाच कारणात बसत नाही.

तेथील दोस पिलास या राजधानीचा पराभव ७६१ मध्ये, म्हणजे हे दुष्काळ तीव्र होण्यापूर्वीच झाला. राजवंश निघून गेल्यावर मागे उरलेल्या लोकांनी राजवाड्याचे व मंदिरांचे घडीव दगड उपसून चौकातूनच घाईघाईने तटबंदी उभारली. जवळच्या कड्यावरील आग्वातेका हे नगर ८१० च्या सुमारास जाळले गेले. तेथील घरांत भांडी व पाटे-वरवंटे जागच्या जागी सापडले. उपासमारीने हळूहळू स्थलांतर करणारे लोक असे सामान टाकून जात नाहीत, हा युक्तिवाद मला पटतो. शिवाय या भागातील सांगाड्यांच्या अभ्यासात ऱ्हासकाळी आहार खालावल्याचे आढळले नाही.

तरीही हा निष्कर्ष सर्वत्र लावता येणार नाही. ग्वातेमालातीलच तिकाल या माया नगरात शेवटचा तारीखवार शिलास्तंभ ८६९ चा आहे आणि तेथे पावसाच्या पाण्याच्या साठ्यांवरच भिस्त असल्याने दुष्काळाचा आघात मोठा असणे शक्य आहे. उलट, अधिक कोरड्या उत्तरेतील चिचेन इत्सा याच काळात भरभराटीस आले. म्हणून प्रत्येक नगराचा कालक्रम स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय कारण ठरवू नये, असे माझे मत आहे.